एक तिकीट, भंडारा : पहिल्या एकट्या प्रवासाची कथा लिहिताना

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मुलंमुली कथा लिहायला बसली की पहिल्या प्रवासाची कथा हमखास निघते. मुलगी पहाटे उठते, आई डबा भरून देते, बाबांचे डोळे पाणावतात, बस सुटते, झाडं मागे पळतात, शेजारची आजी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगते आणि मुलगी कॉलेजच्या फाटकातून आत जाते. वाचताना काही खटकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काही आठवतही नाही. कारण या सगळ्यात मुलीनं काहीच केलेलं नसतं. आईनं केलं, बाबांनी केलं, बसनं तर सगळ्यांत जास्त केलं. मुलगी नुसती वाहून नेली गेली.

ही कथा छोट्या, वेगानं बदलणाऱ्या दृश्यांत लिहायची असेल तर एकच कसोटी लावा. प्रत्येक दृश्यात मुलीला असा एक निर्णय घ्यावा लागला पाहिजे, जो कालपर्यंत तिच्यासाठी दुसरं कोणीतरी घेत होतं. गाडीला हात कोणी करायचा, कोणत्या गाडीत बसायचं, कोणाला खरं सांगायचं, पैसे कधी मागायचे. निर्णय नसेल तर ते दृश्य कितीही सुंदर असलं तरी काढून टाका. हजार-बाराशे शब्दांच्या कथेत अशी पाच-सहा दृश्यं मावतात. आठ केलीत तर प्रत्येकाला जागा अपुरी पडेल आणि कथेची यादी होईल.

आपण एक कथा सोबतच उभी करू. मुलगी लाखांदूर-साकोली रस्त्यावरच्या एका खेड्यातली. तिला साकोलीला जायचं, तिथं गाडी बदलायची आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात प्रवेशाचे कागद द्यायचे. नाव मी तिला दिलेलं नाही, ते तुम्ही द्या.

लिहायला बसण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं तयार हवीत, कारण जिल्ह्यातला वाचक ती पहिल्याच परिच्छेदात विचारणार. पहिला प्रश्न : ती एकटी का चालली? घरात बाप आहे, भाऊ आहे, मग पहिल्याच दिवशी सोबत कोणी का नाही? इथं बाप आजारी पाडायची गरज नाही. बारावीनंतरचे प्रवेश आणि कॉलेज सुरू होण्याचे दिवस पावसाळ्यात येतात, आणि भंडारा जिल्हा धानाचा आहे. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी आलं, चिखलणी झाली की रोवणी थांबवता येत नाही. रोवणीच्या बाया मिळाल्या तो दिवस घरातल्या कोणालाच सोडता येत नाही. कारण खरं असलं की बापाला हळवंही करावं लागत नाही आणि निष्ठुरही.

दुसरा प्रश्न : साकोलीतही कॉलेज आहे, मग भंडारा कशाला? हे एका वाक्यात सांगून टाका. तिला हवा तो विषयगट भंडाऱ्यात मिळाला, एवढं पुरतं. पण सांगाच. नाही सांगितलं तर साकोलीचा वाचक शेवटपर्यंत तोच विचार करत बसेल.

आता पहिलं दृश्य. घरापासून सुरुवात करू नका. डबा, ओवाळणं, देवाला नमस्कार हे वाचकाच्या मनात आधीच आहे, ते पुन्हा लिहून शब्द घालवू नका. फाट्यावर या.

*

फाट्यावर मोटारसायकल थांबली. भावाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले होते.

"मी जातो. बांधीत बाया लागल्या आहेत."

"जा."

"साकोलीले गाडीत बसली का फोन करजो. पोचल्यावरबी करजो."

"हो."

तो गेला नाही. लांबून लाल बस दिसली. त्यानं हात वर करायला उचलला, तेवढ्यात तिनं केला.

*

इथं दृश्य संपलं. ती चढली, जागा मिळाली, भाऊ लहान होत दिसेनासा झाला, यातलं काही लागत नाही. रोवणी आहे हे चिखलाच्या पायांनी सांगितलं, घरची काळजी दोन फोनांनी सांगितली, आणि निर्णय हाताच्या एका हालचालीत झाला. वेगवान दृश्याचं तंत्र बरंचसं एवढंच आहे : निर्णयाच्या जरा आधी आत शिरायचं आणि निर्णय झाल्याबरोबर बाहेर पडायचं. पुढचा साकोलीपर्यंतचा प्रवास एका रिकाम्या ओळीत जाऊ द्या. तो रस्ता तिला शाळेपासून पाठ आहे, त्यात नवं काही घडत नाही.

साकोलीच्या स्टँडवर मात्र थांबा. नवशिक्या लेखकाला इथं गर्दी, वडापावचा वास आणि भोंग्यावरची घोषणा यांचं वर्णन करायचा मोह होतो. त्यापेक्षा एसटीचा एक खरा प्रश्न हातात घ्या. साकोलीहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढं नागपूरला जाणाऱ्या असतात आणि पाटीवर नागपूर लिहिलेलं असतं. ज्याला माहीत नाही तो भंडाऱ्याची पाटी शोधत उभा राहतो आणि समोरून गाडी निघून जाते. शिवाय महामार्गावर आता उड्डाणपूल आणि बायपास झालेत. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाडीबद्दल 'भंडारा लागतं का' एवढं विचारून भागत नाही, 'स्टँडवर जाते का' हे विचारावं लागतं. या दोन प्रश्नांमधल्या फरकातच तुमचं दृश्य आहे.

*

चौकशीच्या खिडकीपुढची माणसं सरकली. तिची पाळी आली.

"भंडाऱ्याची गाडी कोठी... कुठे लागते?"

"नागपूर बस. दोन नंबर."

"ती स्टँडवर जाते?"

खिडकीतल्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली. "कंडक्टरले विचार."

गाडी उभीच होती. दारापाशी ती थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, "चढ ना वो बाई, चढ." ती चढली नाही. कंडक्टर आतून म्हणाला, "जाते, स्टँडवर जाते." मग तिनं पायरीवर पाय ठेवला.

*

आता तिकीट. माझ्या मते या कथेचा कणा इथंच सापडतो, आणि तो सापडायला एसटीचे नियम माहीत असावे लागतात. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मं भाडं आहे. त्याआधीच्या वर्षांची कथा असेल तर मुलगी पूर्ण तिकीट काढेल, नंतरची असेल तर अर्धं. कथा कोणत्या वर्षात घडते हे आधी ठरवा आणि त्या वर्षाचं तिकीट तिच्या हातात द्या. हे बारीक वाटतं, पण रोज एसटीनं जाणारी वाचक पहिली चूक इथंच पकडते.

दुसरी गोष्ट अशी की खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्याही मुलींसाठी फिरतात. म्हणजे बसमध्ये ती रोज बसली आहे, पण शाळेच्या वाटेवर कंडक्टरला पैसे देऊन तिकीट मागायची वेळ तिच्यावर आलेली नाही. लग्नाकार्याला जाताना तिकीट मोठ्यांनी काढलं. कॉलेजला सवलतीचा मासिक पास मिळतो, त्यात भाड्याचा साधारण एक तृतीयांश भरावा लागतो. पण त्या अर्जावर कॉलेजची सही आणि शिक्का लागतो, आणि कॉलेजात तर ती अजून पोचायचीच आहे. म्हणून पहिल्या दिवशी तिकीट. प्रसंग तुम्ही रचला नाही, नियमानं रचून दिला. कथेत ही सगळी माहिती द्यायची नसते. ती लेखकाजवळ असली की वाक्य बरोबर पडतं, एवढ्यासाठीच ती हवी.

तिसरी गोष्ट सुट्या पैशांची. मोठी नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी रक्कम लिहून देतो आणि उतरताना घ्या म्हणतो. एसटीनं फिरलेल्या प्रत्येकाला तो आकडा माहीत आहे, आणि उतरण्याच्या घाईत पैसे राहून गेल्याची हळहळही माहीत आहे. हल्ली मशीनवर मोबाइलनं पैसे देता येतात, तेव्हा तिच्याकडे ती सोय का नाही याचाही विचार करून ठेवा. साधा फोन, किंवा अजून स्वतःचं बँक खातं फोनला जोडलेलं नाही. कंडक्टर नसलेल्या, म्हणजे विनावाहक गाडीत मात्र तिला बसवू नका, तिथं हा प्रसंगच उरणार नाही.

*

"एक भंडारा."

मशीन वाजलं. तिनं पाचशेची नोट पुढं केली.

"सुटे?"

"नाहीत."

कंडक्टरनं तिकीट उलटं केलं, त्यावर आकडा लिहिला, भोवती गोल काढला. "उतरताना घे."

तो मागं सरकला. तिनं तिकीट वाचलं. अर्धं होतं. बाबांनी पूर्ण धरलं होतं.

*

शेवटची दोन वाक्यं बापाबद्दल जेवढं सांगतात तेवढं पाणावलेल्या डोळ्यांनी सांगता आलं नसतं. या माणसानं पोरीच्या प्रवासाचा हिशेब रात्री बसून केला, पण गेल्या काही वर्षांत घरातल्या बाईमाणसासाठी तिकीट काढायची वेळ त्याच्यावर आलेली नाही. हे समजावून सांगू नका. समजावलं की संपलं.

शिवाय आता वाचकाच्या हातात एक देणं आलं. पैसे परत मिळणार का, हा प्रश्न पुढच्या सगळ्या दृश्यांखालून चालत राहतो, आणि तुम्हाला कुठलंही संकट मुद्दाम आणावं लागत नाही. एकट्या मुलीच्या प्रवासकथेत संकट म्हटलं की बहुतेकांना एकच सुचतं : वाईट नजरेचा माणूस, मग आरडाओरड, मग कोणीतरी धावून येणं. असं घडत नाही असं मी म्हणत नाही. पण बाराशे शब्दांच्या कथेत ते आणलंत तर कथा त्या माणसाची होते, आणि सोडवायला आलेल्या दुसऱ्या माणसाची. मुलगी पुन्हा कडेला राहते. त्यापेक्षा ज्याच्या हेतूबद्दल वाचकालाही खात्री देता येत नाही असा प्रश्न विचारणारा माणूस बसवा. आपल्याकडं अनोळखी मुलीला गाव आणि घर विचारणं हा शिष्टाचारच समजला जातो. म्हणूनच उत्तर किती द्यायचं हा निर्णय अवघड होतो.

*

"कोन्या गावची वो?"

तिनं गाव सांगितलं.

"कोनाची पोरगी?"

तिनं बाबांचं नाव सांगितलं. माणूस जरा आठवून बघत होता.

"भंडाऱ्याले कोन आहे?"

"मामा. स्टँडवर घ्यायला येत आहेत."

मामा पुण्याला होता.

"काय नाव मामाचं?"

तिनं मांडीवरची फाईल उचलली. दोन सीट पुढं, बायकांच्या जागेवर एक बाई डबा मांडीत घेऊन बसली होती.

"बाई, जरा सरकता का?"

*

हे दृश्य लिहिताना तीन उत्तरं कशी बदलत गेली ते पाहा. गाव खरं, बापाचं नाव खरं, मामा खोटा. खोटं बोलायची सीमा तिनं स्वतः आखली. पहिल्याच प्रश्नाला ती खोटं बोलली असती तर ती घाबरट वाटली असती. शेवटपर्यंत खरं बोलली असती तर भाबडी वाटली असती. माणूस वाईट होता की नुसता बोलघेवडा, हे सांगू नका. तिलाही ते कळलेलं नाही. आणि ज्या बाईशेजारी ती जाऊन बसली, तिच्या तोंडी एकही उपदेश घालू नका. त्या बाईनं फक्त सरकायचं आहे.

मधला लाखनीचा थांबा, पावसाची सर, खिडकीतून दिसणारे तलाव हे सगळं लिहिण्यासारखं आहेच. झाडीपट्टी म्हटलं की मालगुजारी तलाव आणि बोड्या आल्याच, आणि जुलैतला हिरवा रंग कोणालाही लिहायला लावेल. पण कसोटी आठवा. त्या तलावापाशी ती काही ठरवते आहे का? नसेल तर एक ओळ द्या, तीही पुढच्या दृश्याच्या आत. साकोली ते भंडारा साधारण चाळीस किलोमीटर, जलद गाडीनं तासाभराचा रस्ता. वाचक तो तास तुम्हाला माफ करून टाकतो.

नदीला मात्र काम द्या. साकोलीकडून भंडारा शहरात शिरताना कारधाजवळ वैनगंगेचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की गाव आलंच. म्हणजे पूल हे घड्याळ आहे. तिथून पुढं पैसे मागायला फार थोडा वेळ उरतो. पुलावर पानभर नदीवर्णन केलंत तर ते घड्याळ थांबतं.

*

कारधाचा पूल लागला. नदी गढूळ, दोन्ही काठांना टेकलेली. शेजारच्या बाईनं खिडकीतून नाणं टाकलं आणि हात जोडले. तिनं तिकीट उलटं करून आकडा पुन्हा वाचला. कंडक्टर पुढं ड्रायव्हरशी बोलत होता.

पूल संपला. ती उठली. दांड्याला धरत पुढं गेली.

"माझे पैसे राहिलेत."

"स्टँडवर देतो ना."

"आत्ता द्या."

कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं. मग बॅगेत हात घातला.

*

कंडक्टरला खलनायक करू नका. त्याचं म्हणणंही बरोबर आहे, स्टँडवर त्यानं दिलेच असते. पण हे तिला माहीत नाही, आणि माहीत नसताना मागणं हाच तिचा निर्णय आहे. दोन्ही बाजू बरोबर असल्या की दृश्यात आपोआप ताण येतो.

शेवट कुठं करायचा? बहुतेक जण कॉलेजच्या फाटकापर्यंत जातात, कारण प्रवास तिथं संपतो. पण आपली गोष्ट प्रवासाची नाही, निर्णयांची आहे, आणि शेवटचा निर्णय स्टँडवरच होतो. पहिल्या दृश्यात भावानं दोन फोन सांगितले होते. साकोलीचा फोन तिनं केला का? कथेत तो कुठंच नाही. वाचकाच्या ते लक्षात आलं असेल किंवा नसेल. आता फोन इकडून नाही, तिकडून येतो.

*

स्टँडवर उतरताच फोन वाजला. भावाचं नाव. ऑटोवाले पुढं आले, "कॉलेज? कॉलेज?"

ती खांबाच्या आड सरकली. फाईल काखेत घट्ट धरली. फोन वाजत होता. तिनं आधी नोटा मोजल्या.

*

कथा इथं थांबते. नोटा बरोबर भरल्या का, हे नाही सांगितलं तरी चालतं. शेवटी 'आज ती मोठी झाली होती' असं एखादं वाक्य लिहावंसं वाटेल. लिहा, दोन दिवस ठेवा, आणि मग खोडा. बहुतेक कथांत शेवटचा परिच्छेद लेखकानं स्वतःची खात्री पटवायला लिहिलेला असतो.

संपूर्ण कथा लिहून झाली की एक परीक्षा घ्या. एकेक दृश्य हातानं झाकून पुढचं वाचा. झाकलेल्या दृश्यावाचून पुढच्यात काहीच अडलं नाही, तर ते दृश्य फुकटचं आहे. आपल्या कथेत तिकिटाचं दृश्य झाकलं तर पूल आणि स्टँड दोन्ही कोसळतात. मामाचं दृश्य झाकलं तर मात्र पुढं फारसं अडत नाही, फक्त जागा बदललेली दिसते. म्हणजे ते दृश्य जरा सैल आहे. ते कापायचं नसेल तर पुढं कुठंतरी त्याचा धागा बांधा. उदाहरणार्थ, स्टँडवर तोच माणूस उतरतो आणि इकडं तिकडं पाहत विचारतो, "मामा नाही आले?" त्याला काय सांगायचं हा तिचा आणखी एक निर्णय होईल. मी ते वाक्य घातलं नाही, कारण शेवटी दोन माणसं आणि एक फोन अशी गर्दी होते. तुम्हाला जमलं तर घाला.

बोलीबद्दल एक सांगायचं राहिलं. या भागाची झाडीबोली संवादांत येऊ द्या, पण निवेदनात नको, आणि संवादांतही सगळ्यांच्या तोंडी सारखी नको. भाऊ बोलतो तशी ती घरी बोलते, खिडकीपुढं 'कोठी' म्हणून थबकते आणि 'कुठे' म्हणते, कंडक्टरशी थेट प्रमाण मराठीत बोलते. हा बदल कोणाच्या लक्षात न येता व्हावा. ऐकून ऐकून लिहिलेली झाडीबोली बऱ्याचदा नागपुरी वऱ्हाडीत घसरते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीवर आयुष्यभर काम केलं आहे, झाडीबोलीची संमेलनंही या भागात भरतात, तेव्हा ताडून पाहायला आधार आहे. पण त्याहून सोपं म्हणजे लाखांदूर-साकोली पट्ट्यातल्या एखाद्या बाईला संवाद मोठ्यानं वाचून दाखवा आणि तिचा चेहरा पाहा. ती जिथं हसेल तिथं बहुतेक बोली चुकलेली असते. तिथं तिला तेच वाक्य तिच्या तोंडून म्हणायला सांगा आणि जसंच्या तसं उतरवून घ्या.